पट्टीतली गोटी

मिलिमीटरला हे नाव ऑफिसात कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण का ठेवलं ते सगळ्यांना माहीत आहे. पानावरचं एखादं बटण केसभर जरी सरकलेलं असलं तरी त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. वेबसाइटची पानं बांधणं हा त्याचा व्यवसाय. चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस, त्यात तीन माणसं, आणि एका खिडकीची काच कायम अडकलेली. ती काच किती वाकडी अडकली आहे हेही तो मोजून सांगू शकतो. ती सरळ मात्र कोणी केलेली नाही, त्यानेही नाही.

या खेपेचं काम त्याला वहिनीच्या शब्दावर मिळालं होतं. वहिनी म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची बायको. घरोघरी नर्स पाठवणाऱ्या एका संस्थेत ती पुढचं टेबल सांभाळते. रोज सकाळी चाळीसेक पेशंटची यादी संगणकावर उघडायची, आज ज्याच्याकडे नर्स जायची आहे त्याच्या नावापुढच्या चौकटीत टिक करायची, नाही त्याची टिक काढायची, आणि खाली ‘जतन करा’ दाबायचं. बाकी दिवसभर फोन. काम सांगायला एवढंसं वाटतं. पण एक टिक राहिली की कोणाच्या तरी पायाची जखम दिवसभर उघडी राहते, म्हणून ती ते डोळ्यांत तेल घालून करते. ते टेबल तिचंच, असं सगळे म्हणत. संस्थेच्या दारावरची पाटी दोनदा बदलली, वहिनी तिथेच होती.

मॅनेजरला त्या टिका दिसत नव्हत्या. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मागे उभं राहून बघितलं तर ती चिमुकली चौकट भरलेली की रिकामी हे कळत नसे, आणि मॅनेजर लोकांना मागे उभं राहूनच बघायची सवय असते. त्याला फोनवर असतात तसे स्विच हवे होते. लांबट पट्टी, तिच्यात गोल गोटी, दाबली की इकडून तिकडे सरकणारी. लांबूनही कळलं पाहिजे, हो की नाही.

अट एकच होती. संस्थेचा सर्व्हर जुना आणि संशयी. पानात एक ओळ जरी स्क्रिप्ट, म्हणजे पानाला हालचाल शिकवणारा कोड, घातली तरी तो ती सुरक्षेच्या नावाखाली कापून टाकायचा. म्हणजे हलणारं, सरकणारं जे काही करायचं ते नुसत्या सीएसएसवर. सीएसएस म्हणजे पानाचा कपडेपट. रंग, माप, जागा एवढंच सांगायचं, विचार करायचा नाही. दुसरा कोणी असता तर त्याने कपाळाला हात लावला असता. मिलिमीटर खूश झाला.

युक्ती त्याला ठाऊक होती. चौकट ही मुळातच स्विच आहे. टिक आहे किंवा नाही, हे ती स्वतःच लक्षात ठेवते, त्यासाठी स्क्रिप्ट लागत नाही. तिच्या लगेच पुढे लेबल, म्हणजे चौकटीला दिलेलं नाव, ठेवायचं आणि चौकटीशी बांधायचं, म्हणजे लेबल दाबलं तरी टिक होते. मग लेबललाच स्विचचं रूप द्यायचं. लेबलच्या आधी एक पट्टी रंगवायची, लेबलच्या नंतर एक गोटी, आणि ती पट्टीवर आणून बसवायची. शेवटी सीएसएसला एवढंच सांगायचं की चौकटीत टिक असेल तर तिच्या लगतच्या लेबलमधली पट्टी हिरवी कर आणि गोटी उजवीकडे सरकव. टिक गेली की नियम लागू होत नाही, गोटी आपोआप डावीकडे परत.

पट्टी बावन्न पिक्सेल रुंद, अठ्ठावीस उंच. गोटी बावीसची, चहूबाजूंनी तीन पिक्सेल मोकळे. म्हणजे सरकायचं अंतर बरोबर चोवीस. त्याने पंचवीस करून बघितलं आणि स्वतःच ‘शी’ म्हणाला. सरकायला सेकंदाचा पाचवा भाग. त्याहून कमी केलं तर गोटी उडी मारते, जास्त केलं तर आळसावते. सगळं झाल्यावर मूळ चौकट बाजूला लुडबुडत होती, तिला त्याने एका ओळीत घालवून दिलं: दाखवू नकोस. चौकट गेली, लेबल दाबलं की गोटी तरीही सरकत होती. तो पाच-दहा वेळा ती इकडेतिकडे करत बसला. शेजारच्याने विचारलं, काम चाललंय की खेळ? तो म्हणाला, दोन्ही.

नुसत्या गोटीच्या जागेवर भिस्त नको, रंग न ओळखणाऱ्यालाही कळावं, म्हणून पट्टीशेजारी शब्दही हवा होता. टिक असली की एक शब्द दाखवायचा, नसली की दुसरा. त्याने लिहिलं ‘चालू’ आणि ‘बंद’, आणि स्क्रीनचा फोटो वहिनीला पाठवला.

वहिनीचा लगेच फोन आला. आवाज खाली गेलेला.

“भाऊजी, कोण कोण गेलं?”

“कुठे गेलं?”

“अहो, आठ जणांपुढे ‘बंद’ लिहिलंय. जोशी आजोबा बंद? मी काल संध्याकाळी बोलले त्यांच्याशी!”

मग उलगडा झाला. त्यांच्या ऑफिसात पेशंट ‘बंद’ झाला म्हणजे तो वारला. वर्षानुवर्षं तसंच म्हणतात. ‘अमुक बंद झाले, फुलं पाठवा.’ मिलिमीटरने आठ जिवंत माणसांना एका शब्दात पोचवलं होतं.

“मला वाटलं, विजेच्या बटणासारखं…” तो म्हणाला.

“माणसं आहेत ती भाऊजी, पंखे नाहीत.”

दोघंही हसली. शब्द बदलले. ‘भेट आहे’ आणि ‘भेट नाही’. मेलेल्या माणसाचं नाव यादीतूनच निघतं, त्यामुळे गैरसमजाला जागा उरली नाही. मिलिमीटरचा जीव भांड्यात पडला, आणि त्याला असंही वाटलं की आता चूक काढायला काही शिल्लक नाही. माणसाला एक चूक सापडली की ती शेवटचीच होती असं वाटतं.

दाखवायचा दिवस ठरला. संस्थेचं ऑफिस तळमजल्यावर, काचेच्या दाराआड. लांब टेबल, फोन, संगणक, पाणी पिण्याची स्टीलची बाटली. वहिनी नेहमीच्या खुर्चीत, अंगात स्वेटर. खोलीत पंखा चालू होता, पण काही बायकांना पंख्याखाली थंडी वाजते, मिलिमीटरने काही मनावर घेतलं नाही. मॅनेजर तिच्या खुर्चीमागे उभा. शेजारच्या स्टुलावर नवी आलेली रिसेप्शनिस्ट, तरतरीत, पाठ ताठ. तिला कशाला बसवलंय हे मिलिमीटरच्या लक्षात आलं नाही. वहिनीच्या आलं होतं.

ऑफिसात ती दोघं नातं मिरवत नसत. सगळ्यांना माहीत होतं, पण तरी.

पान उघडलं. हिरव्या आणि करड्या पट्ट्यांची रांग, प्रत्येकीत पांढरी गोटी, शेजारी शब्द. मॅनेजर पुढे वाकला, वहिनीच्या खांद्यावरून हात घालून माऊस धरला आणि एक पट्टी दाबली. गोटी सरकली. त्याने परत दाबली. ती परत आली.

“वा!” तो म्हणाला. “हे म्हणजे काम झालं. इथून मला शेवटची ओळसुद्धा वाचता येतेय.”

मिलिमीटर ताठ झाला. “अगदी सोपं आहे,” तो म्हणाला. “डाव्या हाताचा खेळ.”

वहिनीने त्याच्याकडे चमकून बघितलं आणि मान फिरवली.

“हं, आता तुम्ही करा,” मॅनेजर तिला म्हणाला. “आजची यादी लावून दाखवा.”

वहिनीने डावा हात कीबोर्डवर ठेवला. वरच्या शोधायच्या रकान्याभोवती, आपण पानावर कुठे आहोत ते दाखवणारा चौकोन उजळलेला होता. तिने टॅब दाबला. चौकोन तिथून निघाला आणि चाळीसच्या चाळीस पट्ट्या ओलांडून थेट खालच्या ‘जतन करा’वर जाऊन बसला. तिने शिफ्ट धरून टॅब दाबला. चौकोन परत वर. पुन्हा टॅब. पुन्हा खाली. मधल्या माणसांपैकी एकावरही तो थांबेना.

सुटका करायला नेमका तेव्हा फोनही वाजला नाही.

“अहो, टॅब कशाला मारताय?” मॅनेजर म्हणाला. “पट्टीवर दाबा ना. माऊस आहे की समोर.”

“हो,” वहिनी म्हणाली, आणि तिने पुन्हा टॅब दाबला.

“तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. त्यात काही कमीपणा नाही.” मॅनेजरचा आवाज मऊ झाला, आणि मॅनेजरचा आवाज मऊ झाला की समजावं. “मी तसा विचार करूनच ठेवलाय. यादी या लावतील, त्यांना सवय आहे असल्या गोष्टींची. तुम्ही मागच्या खोलीत बसा, जुन्या पेशंटना फोन करा. निवांत काम आहे.”

स्टुलावरची मुलगी आणखी ताठ झाली. तिचा काही दोष नव्हता. तिला खुर्ची देऊ केली होती आणि ती बसायला तयार होती, एवढंच.

मिलिमीटरला पहिल्यांदा राग आला तो वहिनीचा. इतकं साधं, इतकं देखणं करून आणलेलं, आणि ही बाई चारचौघांत टॅब-टॅब करत बसली आहे. माऊस हाताच्या अंतरावर आहे. तो म्हणणार होता, ‘वहिनी, असं काय करता?’ म्हणायला म्हणून तो वाकला, आणि त्याला माऊस दिसला.

माऊसवर धूळ होती. मॅनेजरच्या बोटांचे ताजे ठसे उठले होते, त्यांच्याभोवती नीट पातळ थर. चटईवर माऊसच्या आकाराची स्वच्छ जागा आणि बाकी धूळ. रोज वापरातल्या माऊसवर धूळ बसत नाही. आणि वहिनीचा उजवा हात स्वेटरच्या खिशात होता. मिलिमीटर आल्यापासून तो तिथेच होता. दार उघडताना, फाइल पुढे सरकवताना, बाटलीचं झाकण दातांनी धरून फिरवताना, सगळा डावा हात.

रविवारी तो भावाकडे जेवायला जातो. गेले काही महिने वहिनी चहाचं भांडं त्याच्यापुढे ठेवून म्हणते, ‘घ्या ओतून, घरचेच तर आहात.’ त्याला बरं वाटायचं. आपण पाहुणे राहिलो नाही असं वाटायचं. आता त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती चांगलीच झोंबली.

मॅनेजर म्हणत होता, “चला मग, यांना बसू दे खुर्चीत.”

“थांबा,” मिलिमीटर म्हणाला. “त्या बरोबर करतायत. पान चुकलंय.”

“चुकलंय? मी आत्ता दाबून बघितलं. छान चालतंय.”

“अर्धं चालतंय. माऊसनं चालतं, कीबोर्डनं चालत नाही. जुनी टिक करायची चौकट कीबोर्डनं चालायची. मी नवं देताना जुनं काढून घेतलं. याला चूकच म्हणतात.”

“पण कीबोर्ड लागतोच कशाला?”

खरं उत्तर मिलिमीटरच्या जिभेवर होतं आणि ते त्याचं नव्हतं.

“इथे बसणाऱ्याच्या एका हातात कायम फोन असतो,” तो म्हणाला. “चाळीस वेळा माऊस शोधत बसायचं का?”

मॅनेजरने फोनकडे बघितलं. “हं,” तो म्हणाला. “पण मला आज संपवायचंय हे.”

“इथेच बसून करतो. चहा प्या तोवर.”

त्याने टेबलाच्या कडेला लॅपटॉप उघडला. चूक कुठे होती ते त्याला कळलं होतं, आणि ती त्याच्या सगळ्यांत स्वच्छ ओळीत होती. ‘दाखवू नकोस’ म्हटलं की ब्राउझर चौकट नुसती लपवत नाही, ती पानावर नाहीच असं धरून चालतो. लेबल दाबलं तर टिक होते, पण टॅब तिच्यापाशी थांबत नाही, कारण थांबायला तिथे कोणी नाही. माऊस धरणाऱ्यांचं सगळं चालतं, बाकीच्यांना ती पट्टी म्हणजे भिंतीवरचं चित्र.

ती ओळ त्याने खोडली. चौकट परत आणली, पट्टीएवढी रुंद आणि उंच केली, बरोबर पट्टीवर बसवली आणि पूर्ण पारदर्शक केली. आता ती दिसत नव्हती पण होती. टॅब तिच्यावर थांबणार, स्पेस दाबला की टिक होणार, टिक झाली की गोटी सरकणार. एक गोष्ट राहिली होती. पारदर्शक चौकटीवर चौकोन उजळला तरी तोही पारदर्शकच. आपण कोणत्या नावावर उभे आहोत हे कळणार कसं? म्हणून त्याने आणखी एक नियम लिहिला. कीबोर्डने चौकटीपाशी आलं की लगतच्या पट्टीभोवती जाड गडद कडं उमटायचं, पट्टीपासून दोन पिक्सेल सोडून. हे दोन पिक्सेल त्याने मोजले नाहीत, तसेच लिहून टाकले. सर्व्हरवर चढवलं आणि म्हणाला, “पान ताजं करा.”

वहिनीने एफ-फाइव्ह दाबलं. टॅब दाबला. चौकोन पुन्हा सरळ खाली ‘जतन करा’वर.

मॅनेजरने सुस्कारा सोडला. स्टुलावरची मुलगी उठून उभी राहिली.

मिलिमीटर वाकून स्क्रीनकडे बघू लागला. मग त्याच्या ध्यानात आलं. “ब्राउझर जुनीच सीएसएस धरून बसलाय,” तो म्हणाला. “शिळी. कंट्रोल धरून एफ-फाइव्ह.” आणि म्हणतानाच त्याला वाटलं, दोन कळा एकदम, आता काय करील ही?

वहिनीने डाव्या हाताची करंगळी खालच्या कोपऱ्यातल्या कंट्रोलवर रोवली, तळवा पसरला आणि मधलं बोट ताणून वर एफ-फाइव्ह गाठलं. सवयीची हालचाल होती ती. पान क्षणभर पांढरं झालं आणि परत आलं.

टॅब. पहिल्या नावापुढच्या पट्टीभोवती गडद कडं उमटलं.

स्पेस. गोटी उजवीकडे गेली, पट्टी हिरवी झाली, शेजारी उमटलं: ‘भेट आहे’.

टॅब, स्पेस. टॅब, टॅब, स्पेस. जोशी आजोबा, भेट आहे. मग तिने थांबायचंच सोडलं. कडं एकेका नावावरून खाली उतरत गेलं, मध्ये कुठे गोटी सरकत होती, कुठे नाही. यादी तिला पाठ होती, फक्त पानाने तिला तिथवर जाऊ द्यायला हवं होतं. शेवटी ‘जतन करा’वर कडं आलं आणि तिने एंटर दाबलं. मॅनेजरने घड्याळ बघितलं नव्हतं, पण चहा अजून गरम होता.

“झकास,” तो म्हणाला. “हे तर माऊसपेक्षा भराभर होतंय. फोनचं म्हणालात ते बरोबर आहे हो तुमचं.”

विषय इथे मिटला असता. मिलिमीटर लॅपटॉप मिटत होता, मनात म्हणत होता, सुटलो. तेवढ्यात वहिनीने खुर्ची मागे फिरवली आणि उजवा हात खिशातून काढून टेबलावर ठेवला. चार बोटं आत वळलेली होती. ती उघडायचा तिने प्रयत्न केला, थोडी उघडली आणि पुन्हा मिटली.

“फोनचं नाहीये,” ती म्हणाली. “माझा हा हात चालत नाही. नसांचं दुखणं आहे, बरं होईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. मी सगळं डाव्या हातानं, कीबोर्डवर करते. कधीपासून करते, आणि किती चुका झाल्या, ते तुम्ही तपासा. मला मागच्या खोलीत बसायचं नाही.”

मॅनेजरने हाताकडे बघितलं, मग स्क्रीनकडे. यादी जतन झाली होती. त्याने ती वरपासून खालपर्यंत वाचली, लांबून, उभ्या उभ्या, जशी त्याला वाचायची होती तशी. चूक असती तर बरं, असं त्याच्या चेहऱ्यावर घटकाभर दिसलं, कारण मग त्याला बोलायला सोपं गेलं असतं. चूक नव्हती.

“मग मागच्या खोलीतलं काम कोण करणार?” तो शेवटी म्हणाला.

“यांचा आवाज गोड आहे,” वहिनी स्टुलावरच्या मुलीकडे बघून म्हणाली. “पेशंटना आवडेल.”

मुलगी हसली. आपल्याला मागे पाठवलं जातंय हे तिला कळलं होतं, पण वहिनीने ते अशा तऱ्हेने सांगितलं होतं की राग धरायला जागा नव्हती. मॅनेजर ‘बघू’ म्हणाला आणि आत गेला. जाताना त्याने वहिनीची खुर्ची टेबलाशी सरळ केली. त्याला बहुधा तेवढंच सुचलं.

वहिनी मिलिमीटरला दारापर्यंत सोडायला आली. काचेबाहेर एक माणूस शिडीवर चढून समोरच्या दुकानाची पाटी पुसत होता.

“दादाला माहीत आहे?” मिलिमीटरने विचारलं.

“नाही. हात आखडलाय, एवढंच सांगितलंय.”

“वहिनी, घरात नाही सांगितलंत आणि त्या मॅनेजरला सांगितलंत?” त्याचा आवाज चढला. त्याला वाईट वाटलं होतं आणि ते लपवता येत नव्हतं. “आम्ही परके का? दादानं काय केलं असतं? जिवापाड जपलं असतं तुम्हाला.”

“तेच तर,” वहिनी म्हणाली. “घरी आधी कळलं असतं तर तुम्ही सगळ्यांनी मिळून, अगदी मायेनं, मला घरी बसवलं असतं. आणि मला नाही म्हणता आलं नसतं.”

‘तसं नाही’ म्हणायला मिलिमीटरला खोटं बोलावं लागलं असतं.

आत फोन वाजला. वहिनी वळली, डाव्या हाताने दार ढकललं आणि आपल्या टेबलाकडे गेली.